पुन्हा वाचायचं की पुस्तक मिटून आठवायचं? उजळणीची पद्धत, एका धड्यावर करून दाखवलेली

परीक्षा जवळ आली की बहुतेक विद्यार्थी तोच धडा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचायला घेतात. कार्पिकी, बटलर आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 177 कॉलेज विद्यार्थ्यांना 'तुम्ही अभ्यास कसा करता' असं विचारलं होतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे 84 टक्के विद्यार्थ्यांनी नोट्स किंवा पुस्तक पुन्हा वाचतो असं सांगितलं. पुस्तक बाजूला ठेवून आपल्याला काय आठवतं ते तपासतो, असं सांगणारे जेमतेम 11 टक्के होते. या दुसऱ्या पद्धतीला ॲक्टिव्ह रिकॉल म्हणतात. ती नेमकी कशी करायची हे या लेखात मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनच्या, म्हणजे रक्त गाळून मूत्र तयार करणाऱ्या सूक्ष्म एककाच्या, धड्यावर टप्प्याटप्प्याने करून दाखवलं आहे. त्याआधी थोडं कारण समजून घेऊ, कारण ते पटलं नाही तर पहिल्याच अवघड वळणावर हात पुन्हा पुस्तकाकडे जातो.

पाच मिनिटांनंतर एक जिंकतं, आठवड्यानंतर दुसरं

रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 सालचा प्रयोग या विषयात सर्वांत जास्त सांगितला जातो, आणि तो सविस्तर समजून घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना विज्ञानविषयक एक छोटा उतारा दिला होता. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांमध्ये तो नुसता वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत उतारा न बघता आठवेल ते कागदावर लिहिलं. पहिल्या गटाची सरासरी चौदा वाचनं झाली, दुसऱ्याची तीन-साडेतीन.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 83 टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना 71 टक्के. एवढंच पाहिलं तर वाचनच बरं असं कोणीही म्हणेल. पण ज्यांची परीक्षा एका आठवड्याने झाली त्यांच्यात चित्र उलटलं. चौदा वेळा वाचलेल्यांकडे 40 टक्के शिल्लक होतं, तर तीन वेळा आठवून लिहिलेल्यांकडे 61 टक्के. आठवून लिहिणाऱ्यांना मध्ये कुठेही बरोबर उत्तरं दाखवली नव्हती, तरीही हा फरक पडला.

त्याच विद्यार्थ्यांना अभ्यास संपल्यावर विचारलं होतं की आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल. नुसतं वाचणाऱ्यांचा अंदाज सर्वांत वरचा होता. म्हणजे ज्यांच्या लक्षात सर्वांत कमी राहणार होतं, तेच सर्वांत निश्चिंत होते. पुन्हा वाचण्याची सवय सुटत नाही ती याचमुळे. ती पद्धत अभ्यासाच्या टेबलावर खरोखर चांगली वाटते, आणि तिचं अपयश जेव्हा दिसतं तेव्हा आपण परीक्षेच्या बाकावर बसलेले असतो.

असं का होतं

वाचताना उत्तर समोर असतं. वाक्य ओळखीचं असतं, डोळे सरसर पुढे जातात, आणि त्या सहजतेलाच आपण 'हे मला येतं' असं समजतो. प्रत्यक्षात तपासलं जातं ते एवढंच की हे वाक्य आधी पाहिलं आहे का. प्रश्नपत्रिकेत मात्र ते वाक्य छापलेलं नसतं. तिथे प्रश्नातल्या दोन-चार शब्दांच्या आधाराने उत्तर स्वतः बाहेर काढावं लागतं. हे वेगळं काम आहे, आणि नुसत्या वाचनात त्या कामाचा सराव एकदाही होत नाही.

आठवण्याची क्रिया स्मृतीला फक्त मोजत नाही, ती तिच्यात बदल घडवते. एखादी गोष्ट शोधून काढताना तिच्या आसपासच्या गोष्टीही जाग्या होतात. रक्तदाब, गाळण, नळीचा आकार असे धागे एकमेकांना जोडले जातात, आणि पुढच्या वेळी त्याच माहितीकडे जाण्याच्या वाटा वाढलेल्या असतात. रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या आहेत: एखादी गोष्ट आत्ता किती सहज आठवते, आणि ती आत किती खोल रुजली आहे. नुकतंच वाचलेलं सहज आठवतं, पण खोल रुजलेलं असेलच असं नाही. उलट थोडं विसरायला झालं असताना प्रयत्नपूर्वक आठवलं की रुजणं जास्त होतं. म्हणून आठवताना जी ओढाताण होते ती टाळायची नाही, तिच्यातूनच फायदा मिळतो.

पहिली पायरी: समजून एकदा वाचा, आणि तुकडा लहान ठेवा

आता नेफ्रॉनचा धडा घ्या. परीक्षा एक महिन्यावर आहे असं धरू. पूर्ण उत्सर्जन संस्था एकदम घेऊ नका. मूत्रनिर्मिती एवढाच तुकडा घ्या, तीन-चार पानांचा. तो सावकाश, समजेपर्यंत वाचा. न समजलेल्या गोष्टी आठवण्याचा प्रयत्न म्हणजे निव्वळ पाठांतर, त्यामुळे या टप्प्यावर वाचनाला पर्याय नाही. आकृती पाहा, अडलेलं विचारा, हवं तर दुसऱ्या पुस्तकातून वाचा. हायलायटर मात्र बाजूला ठेवा. पानावरचा रंग आणि स्मरण यांचा संबंध फार थोडा आहे.

वाचून झालं की लगेच आठवायला बसू नका. दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या विषयाचं काही करा. लगेच बसलात तर शेवटची वाक्यं कानात घोळत असतात आणि कागदावर त्यांचाच पडसाद उमटतो.

दुसरी पायरी: कोरा कागद

पुस्तक मिटून नजरेआड ठेवा. कागदावर फक्त शीर्षक लिहा, 'मूत्र कसं तयार होतं', आणि दहा मिनिटं आठवेल ते लिहा. क्रम चुकला तरी चालेल, अर्धी वाक्यं चालतील, आकृती काढली तर उत्तम. एक पथ्य मात्र पाळा: अडलात तरी निदान एक-दोन मिनिटं पुस्तक उघडायचं नाही. 'गाळल्यानंतर त्या द्रवाचं काय होतं?' असे प्रश्न स्वतःला विचारत राहा. शेवटी उत्तर नाहीच आलं तरी हा शोध वाया जात नाही. त्यानंतर बघितलेलं उत्तर जास्त पक्कं बसतं.

पहिल्या प्रयत्नात एखाद्याच्या कागदावर साधारण असं काही येतं: 'रक्त केशिकागुच्छात येतं. तिथे ते गाळलं जातं. गाळलेला द्रव बोमनच्या संपुटात जातो. मग तो नलिकेतून जातो, पाणी परत शोषलं जातं. ग्लुकोज मोठं असल्याने गाळलं जात नाही, म्हणून मूत्रात ग्लुकोज नसतं. शेवटी मूत्र मूत्राशयात जातं.'

तिसरी पायरी: दुसऱ्या रंगाने तपासा

ही पायरी अनेक जण घाईत उरकतात, आणि तिथेच अर्धा फायदा निसटतो. पुस्तक उघडा, वेगळ्या रंगाचा पेन घ्या आणि कागदावर दुरुस्ती करा. राहून गेलेलं वेगळं दाखवा, चुकलेलं वेगळं. या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

वरच्या कागदात काय राहिलं? रक्त आत आणणारी धमनिका रुंद आणि बाहेर नेणारी अरुंद असते, त्यामुळे गुच्छात दाब तयार होतो आणि गाळण त्या दाबाने होतं, हे राहिलं. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र मात्र साधारण दीड लिटरच बाहेर पडतं, हे राहिलं. नलिकेच्या पहिल्या वळणदार भागातच बरंचसं पाणी आणि क्षार परत घेतले जातात, हेन्लेच्या पाशाच्या उतरत्या बाजूने पाणी आणि चढत्या बाजूने क्षार बाहेर जातात, हेही राहिलं. पुढच्या वळणदार भागात पोटॅशियम आणि हायड्रोजन आयन रक्तातून नलिकेत सोडले जातात, म्हणजे स्रवण, ही पायरी तर आख्खी गायब आहे.

आणि चूक? ग्लुकोजची. ग्लुकोजचा रेणू लहान असतो, तो गाळला जातोच. नलिकेच्या पहिल्या भागात तो जवळजवळ पूर्णपणे परत शोषला जातो म्हणून निरोगी माणसाच्या मूत्रात सापडत नाही. अडून राहतात त्या रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं.

या चुकीपाशी थोडं थांबायला हवं. पुस्तकात 'निरोगी व्यक्तीच्या मूत्रात ग्लुकोज नसते' असं वाक्य असतं. ते दहा वेळा वाचलं तरी डोक्यातलं चुकीचं कारण तिथेच राहतं, कारण निष्कर्ष जुळतो आणि वाचणारा मान डोलावून पुढे जातो. परीक्षेत 'मधुमेहात मूत्रात ग्लुकोज का येतं?' असा प्रश्न आला की मग सगळं कोसळतं. गाळलं जातच नाही असं मानणाऱ्याकडे या प्रश्नाचं उत्तरच नाही. खरं उत्तर असं की रक्तातलं ग्लुकोज खूप वाढलं की परत शोषण्याची नलिकेची क्षमता कमी पडते आणि उरलेलं मूत्रातून बाहेर पडतं. कोऱ्या कागदाने ही चूक महिनाभर आधी उघडी पाडली. बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी 2001 मध्ये एक उत्साहवर्धक गोष्ट दाखवली होती: पूर्ण खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर, लगेच दुरुस्त केलं तर, कमी खात्रीने दिलेल्या चुकीच्या उत्तरापेक्षा जास्त चांगलं सुधारतं. चुकीचा धक्का बसतो आणि लक्ष तिथे खिळतं. पण त्यासाठी दुरुस्ती झाली पाहिजे. न तपासलेला कागद म्हणजे चुकीचाच सराव.

चौथी पायरी: राहिलेल्या आणि चुकलेल्या जागांवर प्रश्न करा

आता राहिलेल्या आणि चुकलेल्या मुद्द्यांचे प्रश्न तयार करा. सगळ्या धड्याचे नकोत, ज्या गोष्टी कागदावर बरोबर आल्या त्यांच्यावर इथे वेळ वाया घालवू नका. प्रश्न एका बाजूला, उत्तर पलीकडे, किंवा वहीचं पान मध्ये दुमडून.

प्रश्न कसा विचारता यावर बरंच काही ठरतं. 'केशिकागुच्छ कुठे असतो?' याला एका शब्दात उत्तर येतं आणि दोन दिवसांत कार्ड पाहिलं की हात आपोआप उत्तर लिहितो. त्यापेक्षा 'बाहेर जाणारी धमनिका आत येणारीइतकीच रुंद असती तर गाळणावर काय परिणाम झाला असता?' हा प्रश्न कारण बाहेर काढतो. 'ग्लुकोज आणि प्रथिनं दोन्ही मूत्रात नसतात, पण कारणं वेगळी. कोणती?' हा तर वरच्या चुकीसाठीच घडवलेला प्रश्न आहे. आणि 'फार पाणी प्यायल्यावर संग्राहक नलिकेत काय बदलतं?' यातून पाणी परत शोषायला लावणारं एडीएच हे संप्रेरक आपोआप येतं. आठ-दहा असे प्रश्न एका तुकड्याला पुरतात.

पाचवी पायरी: एकदा बरोबर आलं म्हणजे झालं नाही

एखादा प्रश्न पहिल्यांदा बरोबर सुटला की तो बाजूला टाकण्याचा मोह होतो. कार्पिकी आणि रोडिगर यांनी 2008 मध्ये नेमकं हेच तपासलं. 40 स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ विद्यार्थ्यांना शिकवले. एका गटाने शब्द एकदा बरोबर आठवला तरी पुढेही तो आठवण्याचा सराव चालू ठेवला. दुसऱ्याने एकदा आठवला की त्याची चाचणी थांबवली, मात्र वाचत राहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला सुमारे 80 टक्के शब्द येत होते, दुसऱ्याला पस्तीसच्या आसपास. नंतर कितीही वाचलं तरी त्याने ही कसर भरून निघाली नाही.

म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक प्रश्न दोन-तीनदा बरोबर येईपर्यंत चालवा, पण लागोपाठ नाही. सगळे प्रश्न एकदा संपवून, मध्ये दुसरं काही करून पुन्हा सुरुवातीला या. लगेच विचारलेला प्रश्न आठवावा लागत नाही, तो अजून ओठावरच असतो.

सहावी पायरी: अंतर वाढवत न्या

महिन्याभरावरच्या परीक्षेसाठी नेफ्रॉनचा तुकडा साधारण असा फिरवा: दुसऱ्या दिवशी एकदा, पाचव्या दिवशी, बाराव्या दिवशी आणि मग बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी. प्रत्येक वेळी आधी कोरा कागद पाच मिनिटं, मग प्रश्न, मग तपासणी. पहिल्या दिवशी तासभर गेला असेल, दुसऱ्या फेरीला अर्धा तास लागेल, पुढे दहा-पंधरा मिनिटं. या आकड्यांना फार चिकटू नका. परीक्षा जितकी लांब, तितकं फेऱ्यांमधलं अंतर जास्त ठेवायचं, एवढं तत्त्व पक्कं आहे. परीक्षा आठवड्यावर असेल तर एक-दोन दिवसांची अंतरं, सहा महिन्यांवर असेल तर आठवड्यांची.

बाराव्या दिवशी कागद समोर ठेवल्यावर बरंच विसरलो असं वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. अंतर बरोबर आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. सगळे प्रश्न झटक्यात सुटले तर फेरी फार लवकर घेतली. निम्म्याहून कमी सुटले तर फार उशीर झाला, किंवा धडा मुळातच समजलेला नाही. थोडं अडखळून तीन-चतुर्थांश आले तर अंतर नेमकं जमलं.

कुठे बिघडतं

सर्वांत मोठा बिघाड दिसायला अभ्यासासारखाच दिसतो. प्रश्न वाचायचा, मनात 'हो, हे येतं' म्हणायचं आणि लगेच उत्तराची बाजू उलटायची. उत्तर ओळखीचं वाटतं आणि आपण ते सुटलं असं मोजतो. हे पुन्हा वाचनच झालं, फक्त कार्डावर. उपाय एकच: उत्तर लिहा किंवा मोठ्याने पूर्ण वाक्यात बोला, आणि मगच पलीकडे बघा. अर्धवट उत्तराला अर्धवटच गुण द्या.

दुसरा बिघाड क्रमाचा. रोज त्याच क्रमाने प्रश्न घेतले तर चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यामुळे आठवतं. कार्डं पिसा. शक्य असेल तर नेफ्रॉनचे प्रश्न हृदयाच्या आणि श्वसनाच्या प्रश्नांत मिसळा.

बहुपर्यायी प्रश्नांबद्दल थोडी सावधगिरी हवी. त्यांत चुकीचे पर्याय मुद्दाम पटण्याजोगे लिहिलेले असतात, आणि उत्तर तपासलं नाही तर तेच डोक्यात राहू शकतात. पर्याय झाकून आधी स्वतःचं उत्तर ठरवा, मग पर्याय बघा, आणि लगेच तपासा.

गणित किंवा भौतिकशास्त्रात कोऱ्या कागदावर सूत्रं लिहिणं ही फक्त सुरुवात आहे. तिथे आठवणं म्हणजे सोडवलेलं उदाहरण झाकून ते पहिल्या ओळीपासून स्वतः सोडवणं. सोडवलेली उदाहरणं वाचत बसणं हा पुन्हा वाचण्याचाच सर्वांत फसवा प्रकार आहे, कारण प्रत्येक ओळ पटत जाते आणि पुढची ओळ आपल्याला सुचली असती का, हा प्रश्न पडतच नाही.

मग पुन्हा वाचायचंच नाही का?

वाचायचं, पण आठवून झाल्यावर. तपासताना ज्या परिच्छेदात तीनदा तीच चूक निघाली तो नीट वाचा. सगळा धडा पहिल्या ओळीपासून वाचण्याची गरज क्वचितच पडते. दोन वाचनांत काही दिवसांचं अंतर ठेवलं तर वाचनाचाही फायदा वाढतो, फक्त तो आठवण्याइतका होत नाही.

आणि पेपरला अर्धा तास उरला असताना एखादं सूत्र किंवा नलिकेच्या भागांचा क्रम डोळ्याखालून घालायचा असेल तर खुशाल वाचा. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारेच पुढे होते, हे आपण पाहिलंच. त्या अर्ध्या तासात कोऱ्या कागदाची नवी फेरी सुरू करू नका. तपासायला आणि दुरुस्त करायला वेळ उरणार नाही, आणि न सुटलेला एखादा प्रश्न उगाच डोक्यात घेऊन आत जावं लागेल.